नोव्हेंबर उलटला आणि पेन्शन जमा झाली नाही : ती नेमकी कुठे अडली ते कसं शोधायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बँकेच्या शाखेत पेन्शनच्या खिडकीमागे मी बरीच वर्षं काढली. दर जानेवारीला ठरलेली गर्दी व्हायची आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असायचं: "दाखला तर दिला होता हो!" बहुतेक जण खरंच बोलत असत. पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी द्यायचा हयातीचा दाखला दिलेला असायचा, पण पोचायचा तिथे पोचलेला नसायचा. म्हणून खाली भर आहे तो दाखला देण्यावर नाही, तर दिलेल्या दाखल्याचा माग काढण्यावर.

दाखल्याची मुदत ३० नोव्हेंबरला संपली. त्या महिन्याची पेन्शन आली, मग पुढची का नाही?

कारण नोव्हेंबरची पेन्शन दाखल्यावर अडत नाही. केंद्र सरकारची पेन्शन त्या त्या महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होते (अपवाद मार्चचा, ती एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी येते). नोव्हेंबरअखेरची रक्कम येते, दाखला नसला तर डिसेंबरची थांबते आणि ते कळतं ३१ डिसेंबरच्या सुमारास. महाराष्ट्र शासनाची पेन्शन पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पडते, त्यामुळे तिथे हा खड्डा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिसतो. मुदत संपणं आणि पैसे न येणं यांत महिनाभर जातो, आणि तेवढ्यात माणूस दाखल्याचा विषय विसरलेला असतो.

याचा शोधात फार उपयोग होतो. पासबुक भरून घ्या आणि पेन्शनची शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघा. मोबाइलवर मेसेज आला नाही एवढ्यावर विसंबू नका, मेसेज चुकतात. केंद्राच्या पेन्शनरची शेवटची नोंद नोव्हेंबरअखेरची असेल, तर संशय दाखल्यावर घ्यावा. ऑक्टोबरअखेरची असेल, म्हणजे नोव्हेंबरचीच आली नसेल, तर कारण बहुधा वेगळं आहे आणि दाखल्याच्या मागे धावून वेळ जाईल. आणि नोंद दर महिन्याला येते आहे, फक्त रक्कम कमी आहे असं दिसलं, तर तो आयकराचा किंवा वसुलीचा मामला आहे, दाखल्याचा नाही.

पेन्शन थांबवतं कोण? बँकच ना?

कधी हो, कधी नाही. बहुतेकांची पायपीट इथेच होते. पैसे बँकेत येतात म्हणून पेन्शन बँक देते असं वाटतं, पण पुष्कळदा बँक फक्त टपालाच्या पेटीसारखी असते.

केंद्र सरकारच्या नागरी सेवेतली पेन्शन बँकेमार्फत येत असेल, तर ती बँकच काढते, पण तुमची शाखा नाही. प्रत्येक बँकेचं एक केंद्रीय पेन्शन प्रक्रिया केंद्र असतं, सगळे त्याला सीपीपीसी म्हणतात. दाखल्याची नोंद तिथे झाली नाही की तिथूनच पेन्शन थांबते. शाखेतला कारकून ते पाहू शकतो, कळवू शकतो, पण स्वतः कळ दाबून पैसे सोडू शकत नाही.

महाराष्ट्र शासनाची पेन्शन जिल्हा कोषागारातून निघते. मुंबईत ते काम अधिदान व लेखा कार्यालय करतं. कोषागाराने थांबवलेली पेन्शन बँकेचा मॅनेजर कितीही भला असला तरी चालू करू शकत नाही. भविष्य निर्वाह निधीची म्हणजे ईपीएस-९५ ची पेन्शन ईपीएफओ देतं. लष्करातून निवृत्त झालेल्यांपैकी ज्यांची पेन्शन संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर गेली, त्यांची पेन्शन बँकेच्या हातातून पूर्णपणे सुटली आहे.

तेव्हा पहिला प्रश्न "का थांबली?" हा नसून "कोणी थांबवली?" हा आहे. उत्तर पीपीओवर सापडतं. पीपीओ म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेला पेन्शनचा आदेश. कपाटाच्या तळाशी, एलआयसीच्या जुन्या पावत्यांखाली असतो तो. पेन्शन कोणी मंजूर केली आणि कोणी द्यायची हे त्यावर छापलेलं असतं.

मोबाइलवरून डिजिटल दाखला काढला, Pramaan ID सुद्धा आला. म्हणजे दाखला पोचला ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

जीवन प्रमाण ही डिजिटल दाखल्याची सोय १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली. आधी बोटांचे ठसे किंवा डोळ्यांचं स्कॅनिंग लागायचं, २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही काम होतं. चेहरा आधारशी जुळला की प्रमाणपत्र तयार होतं आणि त्याचा एक क्रमांक मिळतो, तो Pramaan ID. या क्रमांकाने एवढंच सिद्ध होतं की त्या दिवशी आधार असलेली ती व्यक्ती जिवंत होती. ती व्यक्ती कोणत्या पेन्शनची मालक आहे, हे मात्र तुम्ही स्वतः भरलेल्या माहितीवरून ठरतं: पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक, पेन्शनचा प्रकार, मंजूर करणारं खातं आणि पेन्शन देणारी यंत्रणा. आधारचा संगणक यातलं काहीच तपासत नाही. पीपीओच्या जागी तुम्ही भलताच आकडा टाकला, तरी चेहरा जुळला की Pramaan ID मिळतोच.

पुढे हे प्रमाणपत्र एका सामायिक भांडारात पडतं आणि पेन्शन देणारी यंत्रणा ते तिथून उचलते. खरी तपासणी तिच्याकडे होते. तुम्ही भरलेला पीपीओ आणि खातं तिच्या नोंदीतल्या पीपीओशी आणि खात्याशी जुळलं तर दाखला स्वीकारला जातो, नाही जुळलं तर नाकारला जातो. आणि तुम्ही यादीतून भलतीच यंत्रणा निवडली असेल, तर खऱ्या यंत्रणेला तुमचा दाखला दिसतच नाही. तिच्या दृष्टीने तुम्ही दाखला दिलेलाच नाही.

मग तो स्वीकारला की नाकारला, हे कुठे बघायचं?

jeevanpramaan.gov.in वर पेन्शनरच्या लॉगिनमध्ये Pramaan ID टाकायचा. दाखला काढताना दिलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की प्रमाणपत्र आणि त्याची स्थिती दिसते. त्याच मोबाइलवर मेसेजही येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

अडचण येते ती मोबाइलची. दाखला काढून देणारा मुलगा, भाचा किंवा सायबर कॅफेवाला घाईत स्वतःचाच नंबर टाकतो. मग ओटीपी त्याच्याकडे जातो आणि नाकारल्याचा मेसेजही त्याच्याकडेच. पेन्शनर आपले निश्चिंत.

दाखला काढल्यानंतर दोन-तीन कामाच्या दिवसांनी एकदा स्थिती बघावी. Accepted दिसलं तर त्या पानाची छापील प्रत काढून ठेवावी, पुढे वाद झाला तर तीच कामी येते.

Rejected दिसतंय. काय चुकलं असेल?

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त चुका पीपीओच्या क्रमांकात होतात. केंद्राच्या नागरी पेन्शनरचा पीपीओ बारा आकडी असतो. पहिले पाच आकडे तो काढणाऱ्या कार्यालयाचे, पुढचे दोन वर्षाचे, मग चार अनुक्रमांकाचे आणि शेवटचा पडताळणीचा. एखादा आकडा गळला किंवा दोन आकड्यांची अदलाबदल झाली की जुळणी फसते. त्याखालोखाल खाते क्रमांक. बँकांच्या विलीनीकरणानंतर काहींचे खाते क्रमांक बदलले, पण घरातल्या डायरीत जुनाच लिहिलेला राहिला. तिसरी चूक प्रकाराची: पती गेल्यावर पत्नीला मिळते ती Family, पण अर्जात Service निवडलं जातं.

नाकारलेला दाखला दुरुस्त करता येत नाही. योग्य माहिती भरून नवा काढायचा, त्याला नवा Pramaan ID मिळतो. जुना आपोआप बाद झालेला असतोच, त्याची काळजी नको.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ज्या पेन्शनरने पुन्हा नोकरी धरली आहे किंवा पुनर्विवाह केला आहे, त्याला डिजिटल दाखला चालत नाही. त्याने कागदी दाखला द्यायचा.

एखादं घडलेलं उदाहरण सांगाल का?

माझ्या मावशीचंच सांगतो. वय ७६, राहणार मिरज. ती सरकारी रुग्णालयात परिचारिका होती, त्यामुळे तिची स्वतःची पेन्शन कोषागारातून येते. काका केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. ते गेल्यापासून कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या खात्यात जमा होतं, महिना २१,५६० रुपये. दोन्ही खाती एकाच शाखेत.

६ नोव्हेंबरला ती शाखेत गेली, यादीत नावापुढे सही केली. कारकून म्हणाला, "झालं तुमचं, आजी." त्याचं बोलणं खरंच होतं, पण ती यादी कोषागाराची होती. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी माझ्या मावसभावाने २० नोव्हेंबरला पुण्याहून येऊन मोबाइलवर डिजिटल दाखला काढला. मेसेज आला, क्रमांक आला, सगळे जेवायला बसले.

जानेवारीच्या सुरुवातीला तिची स्वतःची पेन्शन आली. कुटुंब निवृत्तिवेतन ३१ डिसेंबरला आलं नव्हतं, पण वर्षअखेरीमुळे उशीर झाला असेल असं तिला वाटलं. ८ जानेवारीला तिने मला पासबुक दाखवलं. शेवटची नोंद नोव्हेंबरअखेरची. म्हणजे गडबड दाखल्याचीच, आणि केंद्राकडच्याच.

संकेतस्थळावर Pramaan ID टाकला, तर ओटीपी पुण्याला गेला. मावसभावाला फोन केला, त्याने ओटीपी सांगितला. स्थिती: Rejected. मग त्यानेच स्वतःचा मोबाइल उपसला, तर दाखला नाकारल्याचा मेसेज २७ नोव्हेंबरचा होता, पिझ्झाच्या सवलतीच्या दोन जाहिरातींच्या मध्ये.

कारण काय, तर मावशीने त्याच्या हातात पीपीओची प्रत दिली ती स्वतःच्या पेन्शनची. खातं काकांच्या पेन्शनचं, पीपीओ मावशीचा. बँकेच्या केंद्राकडे असा पीपीओच नव्हता. कुटुंब निवृत्तिवेतनाला काकांच्याच पीपीओचा क्रमांक लागतो, आणि तो आदेश देव्हाऱ्याशेजारच्या ट्रंकेत होता.

९ जानेवारीला नवा दाखला काढला. प्रकार Family, काकांचा बारा आकडी पीपीओ, खाते क्रमांक पासबुकात बघून, मोबाइल मावशीचा. १३ तारखेला स्थिती Accepted झाली. मी तेवढ्यावर थांबलो नाही. शाखेत जाऊन पेन्शनच्या नोंदीत दाखल्याची तारीख चढली का ते बघायला लावलं. चढली होती. जानेवारीअखेर ४३,१२० रुपये जमा झाले, डिसेंबर आणि जानेवारी मिळून.

दोन पेन्शन असतील तर दाखले दोन लागतात, हा या गोष्टीतला मुद्दा. एकाच माणसाचं एकच हयात असणं दोनदा सिद्ध करायचं, हे ऐकायला विनोदी वाटतं, पण देणाऱ्या यंत्रणा दोन आहेत आणि त्या एकमेकींना विचारत नाहीत.

मी कागदी दाखला शाखेत दिला होता. आता ते म्हणतात, मिळालाच नाही.

पोच आहे का? असेल तर बाजू तुमची. रिझर्व्ह बँकेने पेन्शन देणाऱ्या बँकांना सांगितलेलं आहे की दाखला घेतल्यावर सही-शिक्क्याची पोच द्यायचीच, आणि दाखला बँकेच्या कोणत्याही शाखेत घ्यायचा. काउंटरवर दिलेले कागद हरवतात अशा तक्रारी आल्यामुळेच ही सूचना आली.

पोच नसेल तर हरवलेल्या कागदाचा शोध घेत बसू नका. भांडण नंतर करता येईल. आधी त्याच दिवशी नवा दाखला द्या आणि या वेळी पोच घ्या, कारण पुढची पेन्शन नव्या दाखल्यावर चालू होणार आहे, जुन्याच्या चौकशीवर नाही.

शाखेत गेल्यावर नेमकं काय विचारायचं?

"माझी पेन्शन का आली नाही?" असं विचारलं की उत्तर येतं, "वरून आली नाही." त्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. पेन्शनच्या नोंदीत हयातीच्या दाखल्याची कोणती तारीख दिसते? पेन्शन थांबवली असेल तर कोणत्या कारणाने? आणि थांबवली ती सीपीपीसीने की बाहेरच्या कार्यालयाने? संगणकावर दाखल्याची तारीख गेल्या वर्षीची दिसली, तर तुमचा या वर्षीचा दाखला नोंदला गेलेला नाही, एवढं तिथेच पक्कं होतं. तारीख या वर्षीची असूनही पैसे थांबलेले असतील, तर कारण दुसरं शोधायला हवं. कुटुंब निवृत्तिवेतन मुलीला मिळत असेल, तर वैवाहिक स्थितीचं वेगळं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि ते राहून गेलेलं असतं.

तोंडी विचारून झालं की लेखी द्या, दोन प्रतींत. मजकूर साधा ठेवा:

"मा. शाखा व्यवस्थापक यांस, माझी पेन्शन डिसेंबरपासून खाते क्र. … मध्ये जमा झालेली नाही. पीपीओ क्र. … . हयातीचा दाखला दि. … रोजी दिला असून Pramaan ID … आहे (किंवा पोच सोबत जोडली आहे). दाखल्याची नोंद कोणत्या तारखेस झाली आणि पेन्शन कोणत्या कारणाने थांबवली आहे, हे कृपया लेखी कळवावे व थकबाकीसह पेन्शन सुरू करावी."

दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. पुढच्या सगळ्या तक्रारींची मुदत त्या शिक्क्यापासून मोजली जाते.

थांबलेले पैसे बुडतात का? उशिराचं व्याज मिळतं का?

बुडत नाहीत. दाखला नोंदला गेला की पेन्शन चालू होते आणि मधल्या महिन्यांची थकबाकी मिळते. फक्त महिन्याचं काम ठरलेल्या तारखेला बंद होतं. त्या आधी दाखला नोंदला गेला तर त्याच महिनाअखेर पैसे येतात, नाहीतर पुढच्या. म्हणून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात काम उरकलेलं बरं.

व्याजाचं असं आहे. उशीर बँकेमुळे झाला असेल, तर देय तारखेपासून वार्षिक ८ टक्क्यांनी भरपाई द्यायला रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे, आणि ती न मागता खात्यात जमा करायची आहे. मावशीच्या एका महिन्याच्या पेन्शनवर तीस दिवसांचा उशीर धरला तर ही रक्कम सुमारे १४२ रुपये होते. तिला ती मिळाली नाही, कारण चूक घरची होती. पण समजा तिचा दाखला २२ नोव्हेंबरला स्वीकारला गेला असता आणि तरी पेन्शन थांबली असती, तर मागायचा हक्क होता. शे-दीडशे रुपयांसाठी कशाला, असं म्हणणारे भेटतात. मी मात्र मागायला लावतो. भरपाई द्यायची वेळ आली की फाइल टेबलावरून हलते, हे मी खिडकीच्या आतून पाहिलेलं आहे.

महाराष्ट्र शासनाच्या पेन्शनरने काय करायचं?

कोषागार दरवर्षी बँकांच्या शाखांना पेन्शनरांच्या याद्या पाठवतं. १ ते ३० नोव्हेंबर या काळात शाखेत जाऊन आपल्या नावापुढे सही किंवा अंगठा करायचा, मग यादी कोषागाराकडे परत जाते. अडतं ते बहुधा दोन ठिकाणी. खातं दुसऱ्या शाखेत हलवलेलं असतं आणि नाव जुन्या शाखेच्या यादीत राहतं. नव्या शाखेत नाव सापडत नाही आणि कोणी तरी सांगतं, "नंतर या." किंवा सही झालेली असते पण यादीच कोषागारात उशिरा पोचते.

दोन्ही वेळा बँकेत खेटे घालून उपयोग नाही. पीपीओ, आधार आणि पासबुकाची प्रत घेऊन थेट कोषागाराच्या निवृत्तिवेतन शाखेत जा, यादीत काय नोंद आहे ते विचारा आणि तिथेच दाखला द्या. डिजिटल दाखला काढत असाल तर पेन्शन देणारी यंत्रणा म्हणून आपलं कोषागार निवडायचं, बँक नाही. पैसे बँकेत येतात म्हणून हात आपसूक बँकेच्या नावाकडे जातो.

ईपीएस-९५ ची पेन्शन भलत्याच महिन्यात थांबली. तिथे नोव्हेंबर नाही का?

तिथे नोव्हेंबरची अट नाही. दाखला ज्या दिवशी दिला त्या दिवसापासून बारा महिने चालतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत दिला असेल तर यंदा फेब्रुवारीत संपतो. सगळ्यांसोबत नोव्हेंबरात देऊ म्हणून थांबलं की मधले महिने अडकतात. mis.epfindia.gov.in/PensionPaymentEnquiry या पानावर पीपीओ टाकून दाखल्याची आणि पैशांची स्थिती दिसते.

माजी सैनिकांचं वेगळं आहे का?

'स्पर्श'वर गेलेल्यांनी यंत्रणा निवडताना 'स्पर्श' निवडायचं. वर्षानुवर्षं बँकेत दाखला दिल्याची सवय असते आणि हात तिकडेच जातो. सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत ही चूक मी इतकी पाहिली की आता फौजी दिसला की पहिला प्रश्न तोच विचारतो.

वडील अंथरुणाला खिळलेले आहेत, बोटांचे ठसेही उमटत नाहीत.

ठसे उमटत नसतील तर चेहऱ्याचा पर्याय वापरा, उजेड समोरून येईल असं बसवा. ३३० हा त्रुटी क्रमांक आला तर दोष चेहऱ्याचा नाही. आधारची बायोमेट्रिक माहिती कोणीतरी कुलूपबंद केलेली आहे, ती आधी उघडावी लागते. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन ७० रुपयांत घरी येऊन डिजिटल दाखला काढून देतो. हे काहीच जमलं नाही तर शाखेला लेखी कळवा, अधिकारी घरी येऊन दाखला घेऊ शकतो. केंद्राच्या पेन्शनरांपैकी ऐंशी पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, ती सवलत वापरावी. नाकारला गेला तरी दुरुस्तीला वेळ राहतो.

आई सध्या मुलाकडे परदेशात आहे.

तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही केलेला दाखला चालतो. मूळ प्रत टपालाने पाठवा आणि ती पोचल्याची खात्री करून घ्या. मुलाने फोटो काढून व्हॉट्सॲपवर शाखेला पाठवला म्हणजे दाखला दिला असं होत नाही.

सगळं करूनही कोणी दाद देत नाही. पुढे कुठे जायचं?

दार कोणतं ठोठवायचं ते पुन्हा "कोणी थांबवली?" यावरच ठरतं. बँकेने थांबवली असेल आणि लेखी तक्रारीनंतर तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, फी लागत नाही. केंद्राच्या पेन्शनरांना त्याशिवाय pgportal.gov.in/pension वर तक्रार नोंदवता येते. तिथला मोफत दूरध्वनी १८००-११-१९६०. कोषागाराविरुद्ध लोकपाल चालत नाही, तिथे आधी कोषागार अधिकारी आणि मग 'आपले सरकार' पोर्टल. ईपीएफओसाठी epfigms.gov.in आहे.

तक्रारीत दाखल्याची तारीख, Pramaan ID आणि शिक्क्याच्या प्रतीची तारीख या तीन गोष्टी पहिल्या दोन ओळींतच लिहा. आयुष्यभर केलेल्या सेवेचं वर्णन खाली लिहा, किंवा लिहूच नका.

"तुमची पेन्शन थांबली आहे, दाखला फोनवरच करून देतो" असा फोन आला.

ठेवून द्या. नाव, पीपीओ, निवृत्तीची तारीख अशी खरी माहिती सांगून हे लोक विश्वास बसवतात आणि शेवटी ओटीपी मागतात. हयातीचा दाखला कोणाशी फोनवर नुसतं बोलून होत नाही. तुमचा चेहरा, बोट, डोळा किंवा सही लागतेच. ओटीपी देऊन बसला असाल, तर पेन्शनचा शोध बाजूला ठेवा आणि आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करा.